ऑफिसच्या ग्रुपवर 🙏 टाकून भागतं का? सांत्वन, इमोजी, फॉरवर्ड आणि चिठ्ठी

धांदरट

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण दोन दिवस डोक्यात घोळतोय.

आमच्या विभागात एक ताई आहेत, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. परवा त्यांचे वडील गेले. साहेबांनी बातमी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपवर आम्ही चाळीस जण. अर्ध्या तासात 🙏 ची रांग लागली, मग मेणबत्ती आणि पांढऱ्या फुलांची चित्रं आली, आणि शेवटी 'वडील म्हणजे...' असं सुरू होणारं एक लांबलचक फॉरवर्डही येऊन पडलं.

मी अजून काहीच टाकलेलं नाही. नाही टाकलं तर वाईट दिसेल आणि टाकलं तर त्या रांगेत आणखी एक भर. ताईंशी घरगुती ओळख नाही, रोजचं कामापुरतं बोलणं. वेगळा मेसेज करू की हाताने काही लिहून देऊ? हाताने लिहिलं तर 'हा जरा जास्तच करतोय' असं वाटेल का?

जोडप्रश्न: याच ग्रुपवर पुढच्या आठवड्यात एकाच्या बढतीची बातमी येणार आहे. तिथे काय करायचं?

निवांत

यात विचार कसला करायचा? दुःखाच्या प्रसंगी इमोजी कधीच नाही. इमोजी म्हणजे थट्टामस्करीची भाषा. पहिला स्मायली 1982 साली स्कॉट फालमन यांनी सुचवला तोच मुळी 'हे गमतीने लिहिलंय' एवढं कळावं म्हणून. तो मेलेल्या माणसाच्या बातमीखाली कसा शोभेल? सरळ हाताने चिठ्ठी लिहा. हाताने लिहिलेलं नेहमीच वरचढ.

बोरू

निवांत, फालमन यांचं बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. 🙏 हा काही स्मायली नव्हे. मराठी माणूस तो नमस्कार, आभार, विनंती, आदरांजली या सगळ्यांसाठी वापरतो आणि वाचणाऱ्यालाही प्रसंगावरून अर्थ बरोबर लागतो. मृत्यूच्या बातमीखाली एक 🙏 कुणालाही खटकत नाही.

धांदरट, तुमचे इथे दोन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत. ग्रुपवर जे चाललंय ती हजेरी आहे. 'बातमी पोचली, आम्ही आहोत' एवढंच ते सांगतं. हजेरीला शब्दसौष्ठव लागत नाही आणि ती दिलेली बरीच. सांत्वन हे वेगळं काम, ते चाळीस जणांसमोर होत नाही.

दोन्ही ओळखायची एक सोपी खूण आहे. लिहिलेल्या मजकुरातलं नाव झाका आणि बघा, हाच मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? येत असेल तर ती हजेरी. मग ती इमोजीने दिलेली उत्तम, कारण इमोजी छोटी असते, डौल मिरवत नाही आणि उत्तर मागत नाही. फॉरवर्डची गोची अशी की ते हजेरीचंच काम करतं, पण आव सांत्वनाचा आणतं. तीनशे शब्द वाचायला लावतं आणि त्यातला एकही शब्द ताईंच्या वडिलांबद्दल नसतो.

म्हणून ग्रुपवर एक ओळ टाका, हवं तर एक 🙏. एकच, पाच नकोत. मग दोनतीन दिवसांनी चिठ्ठी द्या. 'जास्तच' होईल की नाही ते चिठ्ठीच्या लांबीवर ठरतं, हाताने लिहिण्यावर नाही. कामापुरती ओळख असेल तर पन्नास-साठ शब्द. त्याच्या पलीकडे गेलात तर ओळखीपेक्षा मजकूर मोठा होतो आणि वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं.

उंबरठा

अगदी योग्य विषय काढलात. आमचे मोठे दीर रोज पहाटे साडेपाचला फुलांचं चित्र आणि त्यावर सुविचार पाठवतात. रविवारीसुद्धा! मोबाइल भरून जातो. त्यांना न दुखावता हे बंद कसं करायचं? हाताने लिहून सांगू का?

धांदरट

काकू, माझा प्रश्न जरा वेगळा होता 😅

बोरू

वेगळा वाटतोय खरा, पण उंबरठाताईंचं उदाहरण याच्याशी जोडलेलं आहे. एकट्या किंवा वयस्कर माणसाचं रोजचं चित्र म्हणजेही हजेरीच, फक्त उलट्या बाजूने. चित्रावर काय छापलंय याला अर्थ नाही. 'मी उठलो, बरा आहे, तुमची आठवण आहे' हा त्यातला निरोप. ते बंद करायला सांगितलं तर त्यांना ऐकू येईल ते 'तुमची खबरबात नको'. मोबाइल भरतो हा तांत्रिक प्रश्न आहे, तो त्या चॅटच्या सेटिंगमध्ये मिटतो. त्यांचे फोटो गॅलरीत साठवणं बंद करा आणि नोटिफिकेशन म्यूट करा, त्यांना काहीच कळणार नाही. मात्र आठवड्यातून एकदा उत्तरात चित्र न पाठवता एक ओळ लिहा, 'भाऊजी, गुडघा कसा आहे?' अशी. बघा, त्या दिवशी चित्राऐवजी बोलणं होईल.

सरळरेघ

मी या गोष्टींच्या यांत्रिक बाजूबद्दल लिहितो, कारण गडबड बहुतेक वेळा तिथे होते.

पहिली गोष्ट, बातमी साहेबांनी टाकली आहे. व्हॉट्सॲपवर त्या बातमीवर नुसती रिॲक्शन दिलीत (मेसेज दाबून धरून 🙏 निवडलात), तर सूचना जाते ती मेसेज टाकणाऱ्याला, म्हणजे साहेबांना. ताईंच्या फोनवर काहीच वाजत नाही. त्यांनी ग्रुप उघडून त्या मेसेजखालची यादी बघितली तरच तुमचं नाव दिसणार. बातमी ताईंनी स्वतः टाकली असती तर रिॲक्शनच सर्वांत सभ्य ठरली असती, कारण चाळीस वेगळे मेसेज न येता सगळी नावं एका मेसेजखाली गोळा झाली असती. इथे मात्र रिॲक्शनने हजेरी लागत नाही, मेसेज लिहावाच लागेल.

दुसरी गोष्ट, बोट घसरणं. रिॲक्शनची पट्टी सुरुवातीपासून 👍 ❤️ 😂 😮 😢 🙏 अशी आहे. रडका चेहरा आणि हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा यांच्यामध्ये जेमतेम एक चेहरा. त्यात 😂 मधले थेंब पाहून तो रडतोय असं समजणारे पुष्कळ आहेत. दुःखाच्या बातमीखाली 😂 पडतो तो नेहमी निष्काळजीपणाने नव्हे, अर्थ चुकीचा लागल्यामुळेही. ओळखायचं कसं? तोंड बघा. 😂 चं तोंड हसरं, दात दिसतात आणि थेंब डोळ्यांच्या कोपऱ्यांत. 😢 चं तोंड खाली वळलेलं, थेंब एकच. 😭 मध्ये गालांवरून दोन धारा वाहतात, पण तो हल्ली खूप हसू आल्यावरही वापरतात, म्हणून अशा प्रसंगी तोही टाळा.

👍 हा दुसरा सापळा. देणाऱ्याला म्हणायचं असतं 'वाचलं', वाचणाऱ्याला दिसतं 'छान'.

तिसरी गोष्ट, चूक मागे घेणं. पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण त्यावर 'एडिटेड' असं दिसतं. सर्वांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण मागे 'मेसेज डिलीट केला' ही खूण राहते. सांत्वनाच्या रांगेत ती खूण मूळ चुकीपेक्षा जास्त कुतूहल जागं करते. चुकून 😂 पडलाच तर तो काढा आणि लगेच साधी ओळ लिहा: 'चुकीचं चिन्ह पडलं, क्षमस्व.' तेवढं पुरतं.

कोरा_कागद

सरळरेघ, फॉरवर्डच्या खुणेचंही सांगा ना. लोकांना वाटतं समोरच्याला कळत नाही.

सरळरेघ

हो, ते राहिलं. 2018 पासून पुढे ढकललेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असं लिहून येतं. 2019 पासून पाच किंवा जास्त वेळा हातोहात फिरून आलेल्यावर दुहेरी बाण येतो. म्हणजे 'वडील म्हणजे...' वाचताना ताईंना वर दुहेरी बाण दिसतोय. हे तुमच्या मनातून आलेलं नाही हे वाचायच्या आधीच कळलेलं असतं.

मजकूर कॉपी करून नव्याने पेस्ट केला की ही खूण जाते, असा काही जणांचा तोडगा असतो. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण तेच फॉरवर्ड त्याच दिवशी दुसऱ्या कुणाकडूनही येतं, आणि मग खूण नसलेलं जास्त खोटं वाटतं.

चित्राचं आणखी एक. ते पाठवताना लहान केलं जातं, आणि फिरत आलेलं चित्र पुन्हा पुन्हा सेव्ह करून पाठवलं गेलं असेल तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. देवनागरीत याचा त्रास जास्त. जोडाक्षरं आणि रफार आधी गिचमिड होतात. पाठवण्याआधी चित्र मोठं करून कोपरे तपासा. तिथे बऱ्याचदा कुणा तिसऱ्याचं नाव, फोटो किंवा शुभेच्छुकांची यादी असते.

निवांत

बरं, 🙏 चालतो हे मान्य. पण हाताने लिहिलेलं वरचढ हे मी सोडत नाही.

अक्षरवेडी

हाताच्या बाजूने मीही आहे, पण 'नेहमीच' कसं म्हणता येईल? बातमी कळल्याच्या दिवशी चिठ्ठी घेऊन जाणं म्हणजे घरात माणसांची ये-जा चालू असताना हातात आणखी एक कागद देणं. तो कुठेतरी ठेवला जातो नि सापडत नाही. पहिल्या दिवशी मेसेजच बरा. चिठ्ठी पहिला आठवडा उलटल्यावरही चालते, तीन आठवड्यांनी दिली तरी उशीर होत नाही. उलट तेव्हा बाकीच्यांचे मेसेज थांबलेले असतात आणि घरात शांतता असते. उशीर झाला म्हणून सुरुवातीला माफी मागत बसू नका, त्यात पहिल्या दोन ओळी वाया जातात.

धांदरट

पटलं. ग्रुपवर आज एवढं टाकलं: 'ताई, बातमी कळली. वाईट वाटलं. 🙏'

चिठ्ठीचा कच्चा मसुदा केलाय, बघा:

'आदरणीय ताई, आपल्या वडिलांच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून अतीव दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणांस हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. काही मदत लागल्यास निःसंकोच कळवावे. आपला नम्र...'

बोरू

नाव झाकून बघा. चाळीसही जणांच्या घरी जाईल अशी चिठ्ठी झाली आहे. हाताने उतरवलेलं फॉरवर्डच म्हणा.

ओळीओळीने बघू. 'दुःखद निधन' आणि 'अतीव दुःख' यांत दुःख दोनदा येऊनही वाटत एकदाही नाही, कारण ही वर्तमानपत्राच्या शोकसंदेशातली भाषा आहे. तुम्ही ताईंशी रोज असं बोलत नाही. 'मृतात्मा' तर काढाच. तो शब्द त्या घरात कुणीही उच्चारत नसेल. तिथे ते 'बाबा' आहेत. ताई त्यांना काय म्हणायच्या ते माहीत असेल तर तोच शब्द वापरा. ईश्वराची ओळ तुम्हाला आणि त्यांना दोघांना मनापासून चालणारी असेल तर ठेवा, केवळ रिकामी जागा भरायला नको.

सर्वांत अडचणीची ओळ शेवटची. 'काही लागलं तर सांगा' म्हणजे मदत नाही, कामच. काय लागेल हे त्यांनी शोधायचं, कुणाला विचारायचं ते ठरवायचं आणि मग मागायचं संकोचाने. बहुतेक जण मागतच नाहीत. तुम्ही जे करणारच आहात ते एकच काम सांगा, आणि त्यासाठी त्यांना काहीही करावं लागू नये.

आता दोन गोष्टी कळवा. वडिलांबद्दल तुम्हाला खरोखर माहीत असलेली एखादी गोष्ट, कितीही किरकोळ असो. आणि ताई नसताना त्यांचं कोणतं काम अडलंय?

धांदरट

वडिलांना कधी भेटलो नाही. एवढंच की रोज चारच्या सुमारास त्यांचा फोन यायचा. ताई बाहेर व्हरांड्यात जायच्या आणि परत येताना हसत असायच्या. काम म्हणाल तर महिनाअखेरचा ताळेबंद त्या करतात, तो सध्या मी बघतोय.

बोरू

झालं की! सगळी सामग्री आहे. हे बघा:

'ताई,
बाबांचं कळलं. फार वाईट वाटलं. मी त्यांना कधी भेटलो नाही, पण रोज चारला त्यांचा फोन आला की तुम्ही व्हरांड्यात जायचात आणि हसत परत यायचात. तेवढ्यावरून ते थोडे ओळखीचे झाले होते.
महिनाअखेरचा ताळेबंद मी पूर्ण करतोय. त्यासाठी तुम्हाला कुणी फोन करणार नाही.
या चिठ्ठीला उत्तर देऊ नका.'

पन्नासच्या आसपास शब्द आहेत. पहिल्या भागात त्यांचे बाबा, दुसऱ्यात तुमचं काम, तिसऱ्यात त्यांची सुटका. नाव झाकलं तरी ही दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.

कोरा_कागद

'उत्तर देऊ नका' हे हुकूम सोडल्यासारखं वाटतंय. वयाने मोठ्या बाईंना असं लिहायचं?

बोरू

बरोबर पकडलंत. 'उत्तराची अपेक्षा नाही' हे सरकारी होतं आणि 'उत्तराची वाट बघत नाही' यात रुसवा ऐकू येतो. 'उत्तर लिहायची काही गरज नाही' हे मला बरं वाटतं.

सरळरेघ

माझा आक्षेप मोठा आहे. चारच्या फोनचा उल्लेख काढावा. ताई ऑफिसात परत येतील तेव्हा चार वाजता फोन येणार नाही हे त्यांना आधीच टोचणार आहे. आपण तो काटा कागदावर लिहून हातात का द्यायचा? शिवाय 'हा माणूस माझे फोन बघत होता' असंही वाटू शकतं.

अक्षरवेडी

फोन येणार नाही हे ताईंना चिठ्ठीमुळे थोडंच कळणार आहे? ते त्यांच्या डोक्यात आहेच. ते दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं होतं, हे मात्र चिठ्ठीमुळेच कळेल.

सरळरेघ

सगळ्यांना तसंच वाटेल असं नाही. काहींना ऑफिसमध्ये वडिलांचा विषयच नको असतो.

बोरू

दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि ताईंना ओळखणारा इथे फक्त धांदरट आहे. ताई ऑफिसात वडिलांबद्दल आपणहून बोलायच्या का? बोलायच्या, तर उल्लेख ठेवा. फोनचं काही न सांगता गप्प जागेवर बसायच्या, तर तो भाग काढून 'तुमच्या बोलण्यातून ते थोडे ओळखीचे होते' एवढंही लिहू नका, कारण ते खोटं ठरेल. मग नुसतं 'फार वाईट वाटलं' आणि ताळेबंद. बघितल्यासारखं वाटू नये म्हणून 'रोज चारला' ऐवजी 'संध्याकाळी' लिहिलं तरी टोक थोडं बोथट होतं.

धांदरट

बोलायच्या. 'आज बाबांनी काय केलं माहितीये का' असं सांगत यायच्या. ठेवतो मग.

निवांत

आता माझा एक प्रामाणिक प्रश्न. एवढा मजकूर तयार झालाच आहे तर तो टाइप करून पाठवला तर काय बिघडतं? मी आधी हाताच्या बाजूने होतो, पण बोरूंचं ऐकून वाटतंय की खरा भेद आपले शब्द आणि परके शब्द यांतला आहे, पेन आणि फोन यांतला नाही.

बोरू

पंचाहत्तर टक्के तसंच आहे. आपल्या शब्दांतला टाइप केलेला मेसेज हा परक्या शब्दांच्या देखण्या कार्डापेक्षा केव्हाही सरस. उरलेला फरक जागेचा. टाइप केलेला मेसेज ओटीपी, वीजबिल आणि सवलतींच्या जाहिरातींच्या रांगेत जाऊन बसतो आणि आठवड्यात वर सरकून दिसेनासा होतो. शिवाय फोनवर दोन निळ्या खुणा उमटल्या की वाचणाऱ्यावर उत्तराचं ओझं येतं. कागदाला निळ्या खुणा नसतात. तो ड्रॉवरमध्ये पडून राहतो, हवा तेव्हा निघतो.

म्हणून उलटही खरं आहे. ज्या निरोपाला लगेच उत्तर हवंय, किंवा जो दोन दिवसांनी निरर्थक होणार आहे, तो हाताने लिहिण्यात अर्थ नाही.

आणि मजकूर जमेल का या भीतीबद्दल एक गोष्ट. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि मग पत्र मिळालेल्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणारे कमी अवघडले होते आणि जास्त सुखावले होते. लिहिणारा आपल्या शब्दरचनेची काळजी करत होता आणि वाचणाऱ्याचं लक्ष जिव्हाळ्याकडे होतं. ती पत्रं आभाराची होती, सांत्वनाची नव्हे, त्यामुळे हे इथे जसंच्या तसं लावू नका. पण 'जास्तच वाटेल का' या शंकेचा उगम कुठे आहे ते त्यातून दिसतं.

धांदरट

अक्षर वाईट आहे, त्याचं काय करू? आणि कागद कोणता घेऊ?

अक्षरवेडी

हा माझा प्रांत. 😄

कागद ए-सहा आकाराचा घ्या, म्हणजे 105 गुणिले 148 मिलिमीटर. ए-चारचा एक कागद दोनदा अर्धा घडला की तोच आकार मिळतो. चारही बाजूंना 12 मिलिमीटर मोकळी जागा सोडली तर लिहायला साधारण 81 रुंद आणि 124 उंच जागा उरते. ओळींमध्ये 9 मिलिमीटर अंतर ठेवा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. 7 वर आलात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. या हिशेबाने तेरा ओळी बसतात, ओळीत चारपाच शब्द. तुमचा मजकूर आरामात मावेल. ए-चारवर लिहिलात तर पन्नास शब्द वरच्या कोपऱ्यात बिचारे दिसतील आणि तुम्ही पान भरण्यासाठी काहीतरी वाढवाल. लांबी बिघडते ती तिथेच.

प्रिंटरचा 80 जीएसएमचा कागद चालतो, पण शाई मागे दिसते. 120 मिळाला तर तो घ्या. चकचकीत कार्ड नको. त्यावर शाई मुरत नाही, वरच्या थरावर ओली राहते आणि जेल पेनाने लिहिलेलं हाताने फरफटतं. घरात चकचकीत कार्डच असेल तर बॉलपेन वापरा आणि आधी मागच्या कोपऱ्यात एक रेघ मारून, दहा सेकंदांनी बोट फिरवून बघा. शाईपेन असेल तर साध्या कागदावर अक्षराच्या कडा फुटतात का तेही तिथेच कळेल.

अक्षर वाईट असण्याचं कारण बहुधा वेग असतो. कोऱ्या कागदाखाली जाड काळ्या रेघा मारलेला दुसरा कागद ठेवा, त्या वरून दिसतात. 120 जीएसएममधून दिसल्या नाहीत तर पेन्सिलीने अगदी फिक्या रेघा मारा आणि शाई पूर्ण वाळल्यावर खोडा. एक शब्द पूर्ण लिहून मगच त्यावर शिरोरेषा द्या. ती अक्षरागणिक तुटक दिली की लिखाण थरथरलेलं दिसतं. पूर्ण मजकूर आधी रद्दी कागदावर त्याच आकारात एकदा उतरवा, म्हणजे ओळ कुठे तुटते ते कळेल. 'बाबां' एका ओळीत आणि 'चं' पुढच्या ओळीत असं होता कामा नये.

खाली तारीख आणि तुमचं नाव. कार्डावर कोणतंही छापील वाक्य असेल तर ते घेऊ नका, दोन आवाज एका कागदावर भांडतात.

कोरा_कागद

ताई दुसऱ्या गावी गेल्या असतील तर चिठ्ठीचा फोटो पाठवला तर?

अक्षरवेडी

चालतो, पण चिठ्ठीच्या निम्म्याने. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा. फोन कागदाला समांतर धरा, नाहीतर वरची ओळ लहान आणि खालची मोठी येते. कागदाच्या कडांपर्यंत कापा, मागची चादर दिसायला नको. पाठवताना एचडी निवडा. आणि फोटोसोबत मूळ चिठ्ठी त्यांच्यासाठी ठेवल्याचं कळवा, मग ती खरंच द्या.

सरळरेघ

आणि फोटो पाठवायचा तर तोच मजकूर खाली टाइपही करा. प्रवासात, लहान पडद्यावर किंवा चष्मा नसताना फोटोतलं हस्ताक्षर वाचणं त्रासाचं होतं.

अक्षरवेडी

इथे माझं नि तुमचं जमणार नाही. दोन्ही दिलं की हस्ताक्षर शोभेचं चित्र होऊन बसतं. ज्यांना दिसायला त्रास आहे त्यांच्यासाठी मान्य, सरसकट नाही.

धांदरट

बढतीचं राहिलं.

बोरू

तिथे मनसोक्त 🎉👏 टाका. आनंदाच्या बातमीला गर्दी शोभते, रांग जितकी लांब तितकी मजा. स्टिकर, हलतं चित्र, सगळं चालतं. फक्त फॉरवर्ड केलेलं 'यशाची शिखरे' नको. त्या माणसाला बढती ज्या कामामुळे मिळाली ते काम तुम्ही जवळून बघितलं असेल, तर त्याबद्दलची एक ओळ त्याला वेगळी पाठवा. कागद लागत नाही. एकच सावधगिरी. त्याच जागेसाठी ग्रुपवरचा दुसरा कुणी रांगेत होता का ते बघा. असेल तर फटाक्यांची सात चिन्हं खाजगीत.

धांदरट

चिठ्ठी उतरवली. चौथ्या ओळीत 'व्हरांड्यात' चुकलं, एक रेघ मारून पुढे लिहिलं. परत लिहू का?

अक्षरवेडी

एकच खोडलेलं असेल आणि ते नाव नसेल तर राहू द्या. आडवी एक सरळ रेघ पुरे, गिरवून काळं करू नका, व्हाइटनर तर अजिबात नको. नाव चुकलं असेल तर मात्र नवा कागद.

धांदरट

नाव बरोबर आहे. पाकिटावरही.

उंबरठा

बोरू, म्यूट केलं आणि आज भाऊजींना गुडघ्याचं विचारलं. चार ओळींचं उत्तर आलं, सगळं टाइप केलेलं. खाली फूल होतंच.